परदेशी नोकरीचा एजंट: पैसे देण्याआधी काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

परदेशी नोकरीच्या नावाखाली फसलेल्या बहुतेक माणसांनी काहीच तपासलं नव्हतं, असं नाही. त्यांनी ऑफिस पाहिलं होतं, भिंतीवरचं प्रमाणपत्र पाहिलं होतं, व्हिसाची प्रतही हातात घेतली होती. पण एकतर 'बुकिंग'चे पैसे भरून झाल्यावर हे केलं, नाहीतर एजंटनेच दाखवलेल्या कागदावरून एजंटची परीक्षा घेतली. एजंटचा कागद कितीही खरा दिसला तरी त्याचा पुरावा एजंटकडे नसतो. तो कागद ज्या कार्यालयाने दिला, तिथेच त्याची खातरजमा होते.

या लेखात मी मुख्यतः एकच प्रकार घेतला आहे: गोव्यातल्या हॉटेलांत आणि शॅकवर काम करणाऱ्यांना मिळणारी आखाती देशांतल्या हॉटेल नोकरीची ऑफर. जूनमध्ये शॅक बंद होतात, हातचं काम सुटतं आणि अशा जाहिराती नेमक्या तेव्हाच खुणावतात. बोटीवरची नोकरी आणि परदेशी शिक्षण यांत काय बदलतं, ते शेवटी थोडक्यात सांगितलं आहे.

सोबत एक नमुना प्रकरण चालवतो. अशा तक्रारींत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे. डिचोलीचा एक तरुण कळंगुटच्या हॉटेलात स्टुअर्ड आहे. म्हापशाचा एक एजंट त्याला सांगतो, "दुबईला फोर स्टार हॉटेल, पगार २,५०० दिरहॅम, राहणं-जेवण फुकट, व्हिसा शंभर टक्के गॅरंटी. एकूण १,८५,००० रुपये, आज २५,००० भरलेस तर सीट तुझी."

## तयारी: बोलणं कागदावर आणा

तपासणी सुरू करण्याआधी तपासायला काहीतरी हातात हवं. एजंटचे दावे तोंडी असतात आणि ते रोज थोडे बदलतात. सोमवारी 'कंपनी व्हिसा' असतो, शुक्रवारी 'आधी व्हिजिट, मग कन्व्हर्ट' होतो. म्हणून पहिलं काम म्हणजे त्याला लेखी प्रश्न पाठवणं. व्हॉट्सॅपवर असा साधा मेसेज पुरतो:

"नमस्कार. घरी विचारून सांगायचं आहे, म्हणून कृपया एवढं लिहून पाठवा: तुमच्या एजन्सीचं पूर्ण नाव आणि आरसी नंबर, हॉटेलचं पूर्ण नाव आणि शहर, पद, मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे, व्हिसाचा प्रकार, एकूण रक्कम कशाकशाची, आणि पैसे कुठल्या नावाच्या बँक खात्यात भरायचे."

खरा एजंट यातल्या जवळपास सगळ्याची उत्तरं देतो, कारण ती त्याच्याकडे आधीच तयार असतात. "फोनवर सांगतो", "ऑफिसला ये, सगळं दाखवतो", "एवढे प्रश्न विचारणाऱ्याला मी नेत नाही" अशी उत्तरं आली, तर तीही जपून ठेवा. मेसेज आल्याबरोबर स्क्रीनशॉट काढा. पाठवलेला मेसेज नंतर दोन्हीकडून पुसता येतो, हे या लोकांना चांगलं ठाऊक असतं.

सावधान: या टप्प्यावर मूळ पासपोर्ट देऊ नका. संयुक्त अरब अमिरातीची एंट्री परमिट ऑनलाइन निघते, तिच्यासाठी पासपोर्टची स्पष्ट प्रत पुरते. त्या प्रतीवरही आडवं लिहा: 'फक्त अमुक नोकरीच्या अर्जासाठी', आणि खाली तारीख. मूळ पासपोर्ट एजंटच्या कपाटात गेला की माघार घ्यायची ताकद निम्मी होते. तो परत मिळावा म्हणूनही लोक पैसे भरत राहतात.

## टप्पा १: परवाना एजंटच्या कार्डावर नव्हे, पोर्टलवर पाहा

उत्प्रवासन कायदा, १९८३ नुसार परदेशातल्या कामासाठी भारतातून माणसं भरती करणाऱ्या एजंटला नोंदणी प्रमाणपत्र लागतं. बोलण्यात त्यालाच 'आरसी' म्हणतात. "हॉटेलच्या कामाला ते लागत नाही, ते मजुरांसाठी असतं," असं काही एजंट सांगतात. हे खोटं आहे. कायद्यातल्या कामाच्या व्याख्येत हॉटेल आणि रेस्टॉरंटमधली सेवा नाव घेऊन दिली आहे, अपवाद फक्त व्यवस्थापकीय पदाचा. स्टुअर्ड, कुक, हाउसकीपिंग हे सगळे त्यात येतात.

तुम्ही दहावी पास आहात आणि तुमच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा, शेरा नाही, म्हणून एजंटला आरसी नको, असंही होत नाही. ईसीआर शेरा तुमच्या पासपोर्टशी संबंधित आहे, तर आरसी त्याच्या धंद्याशी. या दोन गोष्टींची गल्लत करून उत्तर टाळलं जातं.

आता क्रम असा ठेवा.

१. ब्राउझरमध्ये स्वतः `emigrate.gov.in` टाइप करा. एजंटने पाठवलेली लिंक उघडू नका.

२. तिथे नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटांची यादी आहे. आरसी नंबरने शोधा आणि मग नावानेही शोधा.

३. स्थिती पाहा. परवाना चालू आहे, मुदत संपलेला आहे, निलंबित आहे की रद्द झाला आहे, ते यादीत कळतं. नोंदणी नसलेल्या एजंटांची यादीही याच पोर्टलवर असते, तीही चाळा.

४. पोर्टलवरचा पत्ता, फोन आणि ईमेल एका कागदावर उतरवा, शेजारी एजंटच्या कार्डावरचा तपशील लिहा आणि दोन्ही रकाने ओळीओळीने ताडून पाहा.

५. पोर्टलवर दिलेल्या नंबरवर फोन करा.

लोक पाचवा मुद्दा सोडतात आणि नेमके तिथेच फसतात. पूर्णपणे बनावट आरसी नंबर आता फारसा कोणी वापरत नाही, तो दोन मिनिटांत पकडला जातो. दुसऱ्याच एजन्सीचा खरा, चालू असलेला नंबर उचलून स्वतःच्या कार्डावर छापायचा, ही पद्धत जास्त चालते. पोर्टलवर नंबर टाकला की 'चालू' असं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो.

आपल्या नमुना प्रकरणात नेमकं हेच झालं. कार्डावरच्या नंबरात MUMBAI असा शब्द होता. पोर्टलवर तो नंबर सापडला, परवाना चालू होता, एजन्सीचं नावही तेच. पण पत्ता अंधेरीचा. म्हापशाचा उल्लेख कुठेच नाही. मोबाइल नंबर वेगळा. पोर्टलवरचा ईमेल एजन्सीच्या स्वतःच्या नावाच्या डोमेनचा, तर कार्डावरचा साधा जीमेलचा, फक्त एजन्सीच्या नावामागे 'गोवा' जोडलेला. तरुणाने अंधेरीला फोन केला आणि दोनच प्रश्न विचारले: "तुमची म्हापशाला शाखा आहे का? आणि या हॉटेलसाठी स्टुअर्डची भरती तुम्ही करताय का?" दोन्हीचं उत्तर नाही असं आलं.

यावर एजंटचं ठरलेलं उत्तर असतं: "मी त्यांचा सब-एजंट आहे, ऑफिसच्या मुलीला काय माहीत!" कायद्यात सब-एजंट नावाची सोय नाही. नोंदणीकृत एजन्सीला दुसरीकडे शाखा काढायची असेल तर तिला त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे समोरचा माणूस एजन्सीचाच असला, तरी मूळ कार्यालयाने त्याला ओळखलंच पाहिजे आणि ते लेखी कळवलं पाहिजे.

तपासून पाहा: पोर्टलवरच्या ईमेलवरून तुम्हाला "हा माणूस आमचा आहे आणि ही भरती आमची आहे" असं उत्तर आलं का? आलं नसेल तर इथेच थांबा. पुढचे टप्पे करण्याची गरज नाही.

## टप्पा २: नोकरी आहे का, ते हॉटेलला विचारा

परवाना खरा निघाला, म्हणजे एजन्सी खरी. नोकरी खरी आहे की नाही, हा प्रश्न तरीही उरतो.

नोंदणीकृत एजंटकडे परदेशी मालकाची दोन कागदपत्रं असायला हवीत. एक डिमांड लेटर, म्हणजे आम्हाला अमुक पदासाठी इतकी माणसं अमुक पगारावर हवीत असं मालकाचं पत्र. दुसरं मुखत्यारपत्र, म्हणजे या एजन्सीला आमच्या वतीने भरती करायचा अधिकार दिला आहे असं पत्र. दोन्ही दाखवायला सांगा. त्यातलं पद, पगार आणि एजन्सीचं नाव तुम्हाला सांगितलेल्या गोष्टींशी जुळतंय का, एवढंच पाहा.

मग हॉटेलची अधिकृत वेबसाइट स्वतः शोधा आणि तिथल्या मुख्य नंबरवर फोन लावून एचआर विभाग मागा. ऑफर लेटरवर छापलेल्या नंबरवर फोन करून उपयोग नाही, तो उचलणारा माणूस एजंटचाच असू शकतो. तुम्ही हॉटेलात काम केलेलं आहे, ऑपरेटरशी कसं बोलायचं ते तुम्हाला शिकवायला नको. "तुमच्याकडे भारतातून एफ अँड बीसाठी भरती चालू आहे का, आणि कुठल्या एजन्सीमार्फत?" एवढं विचारा. एचआर नावं सांगायला तयार नसेल, तर ऑफर लेटरची प्रत त्यांच्या अधिकृत ईमेलवर पाठवून हे तुमचंच आहे का, असं विचारा.

ऑफर लेटरमधला पगार नीट वाचा. नमुना प्रकरणात तोंडी आकडा २,५०० दिरहॅम होता. कागदावर मूळ पगार १,२०० लिहिला होता आणि बाकीच्या १,३०० पुढे 'सर्व्हिस चार्ज आणि टिप्स, अपेक्षित'. कराराने बांधलेले फक्त १,२००. उरलेले मिळाले तर मिळाले. नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटीही अमिरातीत मूळ पगारावरच मोजतात. घरच्यांनी कर्ज काढायचा हिशेब २,५०० वर केला तर तो पहिल्याच महिन्यात कोलमडतो.

सावधान: हॉटेलचं काम सोडून 'डेटा एंट्री' किंवा 'कस्टमर सपोर्ट' आणि जायचं थायलंडला, अशी ऑफर असेल, तर ती बाजूलाच ठेवा. थायलंडपर्यंत व्हिसाची अडचण नसते, तिथून माणसांना म्यानमार आणि कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेऊन डांबल्याची प्रकरणं भारत सरकारने वारंवार सूचना काढून सांगितली आहेत.

## टप्पा ३: व्हिसाच्या कागदावरची प्रकाराची ओळ वाचा

या टप्प्यात लोकांची सर्वात मोठी चूक ही की ते कागदावरचा आपला फोटो, नाव, पासपोर्ट नंबर पाहतात आणि 'व्हिसा आला' म्हणून पेढे वाटतात. व्हिसा खरा असतो. फक्त तो नोकरीचा नसतो.

अमिरातीच्या एंट्री परमिटवर वरच्या भागात परमिटचा प्रकार इंग्रजी आणि अरबीत छापलेला असतो. तिथे EMPLOYMENT किंवा WORK असं आहे, की TOURIST किंवा VISIT, एवढी एक ओळ वाचायची. नोकरीच्या परमिटवर तुम्हाला बोलावणाऱ्या कंपनीचं नाव आणि तुमचं पदही असतं. ती कंपनी म्हणजे तुमचं हॉटेल किंवा हॉटेल चालवणारी संस्था असायला हवी. तिथे एखाद्या टूर कंपनीचं नाव दिसलं, तर ते परमिट पर्यटनाचं आहे, मग एजंट काहीही म्हणो.

"व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर कन्व्हर्ट होतो" हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून ते धोक्याचं आहे. अमिरातीत असताना व्हिसाचा प्रकार बदलता येतो, पण त्यासाठी आधी मालकाला तुमच्या नावाने वर्क परमिट काढावं लागतं. तो ते काढणारच असेल, तर तुम्ही गोव्यात असतानाच काढू शकतो. व्हिजिटवर काम करणं तिथल्या कायद्यात गुन्हा आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर परमिटविना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहॅम दंड होऊ शकतो. एवढा धोका पत्करून नावाजलेलं हॉटेल तुम्हाला व्हिजिटवर का बोलावेल? आणि मुदत संपूनही राहिलात, तर रोज ५० दिरहॅम दंड तुमच्या नावावर चढतो.

ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शेरा आहे, त्यांनी अधिक जपावं. अमिराती, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहरीन हे सगळे देश ईसीआर यादीत आहेत. तिथे नोकरीला जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते आणि त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचं विमा संरक्षण मिळतं. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे, तीन वर्षांचा ३७५. व्हिजिटवर पाठवून एजंट ही मंजुरीच टाळतो. मग तिथे काही बरंवाईट झालं, तर विमाही नाही आणि तुम्ही कामगार म्हणून गेलात याची सरकारी नोंदही नाही.

कागदांचा क्रमही पाहा. दुबईतल्या सर्वसाधारण कंपनीत आधी तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं, तुम्ही ते वाचून सही करता, मग वर्क परमिटची मंजुरी निघते आणि त्यानंतर एंट्री परमिट. एजंटने आधी 'व्हिसा' दिला आणि करार "तिथे गेल्यावर सही कर" म्हणाला, तर क्रम उलटा झाला.

खातरजमा अशी करा:

१. ऑफर लेटरवर व्यवहार क्रमांक असतो, साधारणपणे MB या अक्षरांनी सुरू होणारा. `mohre.gov.ae` वरच्या चौकशी सेवेत तो टाकून पाहा. फ्री झोनमधल्या कंपन्या या मंत्रालयाकडे नसतात, त्यांची चौकशी त्या फ्री झोनच्या प्राधिकरणाकडे करावी लागते.

२. एंट्री परमिट दुबईची असेल तर `gdrfad.gov.ae` वर तपासा. बाकीच्या अमिरातींची असेल तर `smartservices.icp.gov.ae` वर File Validity या सोयीत पासपोर्ट नंबर, राष्ट्रीयत्व आणि जन्मतारीख भरून पाहा.

३. दोन्हीकडे शंका राहिली, तर दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला विचारा. तिथला अमिरातीत मोफत असलेला नंबर ८०० ४६३४२. दुबईत कोणी नातेवाईक किंवा गाववाला असेल तर त्याला हा फोन करायला सांगा.

तपासून पाहा: विमानतळावर काय सांगायचं, हे एजंटने शिकवलं आहे का? "इमिग्रेशनवाल्याने विचारलं तर फिरायला चाललोय म्हण, हॉटेलचं नाव काढू नको." हे एक वाक्य कानावर पडलं, की बाकी कुठल्याही तपासणीची गरज उरत नाही. नोकरीचा व्हिसा असलेल्या माणसाला खोटं बोलावं लागत नाही.

## टप्पा ४: १,८५,००० कशाचे?

नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क घेऊ शकतो. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,४०० रुपये, म्हणजे एकूण ३५,४००. त्याची पावतीही त्याने द्यायलाच हवी. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नसतो, थेटही नाही आणि आडवळणानेही नाही.

आता एजंटला आकड्यांची फोड मागा. नमुना प्रकरणात बरीच घासाघीस झाल्यावर अशी आली: व्हिसा ७०,०००, तिकीट ३५,०००, मेडिकल आणि कागदपत्रं २०,०००, आणि 'कंपनीचं कमिशन' ६०,०००. बेरीज १,८५,००० होते. पण नोकरीचा व्हिसा मालकाचा खर्च, तो ७०,००० तुमच्याकडे का? कंपनीने माणूस मागितला असेल, तर कंपनी एजन्सीला पैसे देते, कामगाराकडून कमिशन घेत नाही. तिकिटाची जबाबदारी करारात लिहिलेली असते, ती वाचा. तुम्हीच काढायचं असेल, तर स्वतः काढा, एजंटच्या हातून नको. मेडिकलचे पैसे केंद्रावर भरून तुमच्या नावाची पावती घ्या. असं एकेक कलम बाजूला केलं, की कायदेशीर शुल्क म्हणून उरू शकतात ते ३५,४००. आणि गंमत म्हणजे सेवाशुल्क असं कलमच त्याच्या फोडीत नव्हतं, कारण त्याला पावती द्यायची नव्हती.

पैसे भरायची वेळ आली, तर खात्याचं नाव आणि आरसीवरचं नाव अक्षरशः एकच असायला हवं. यूपीआयने पाठवताना पैसे जाण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, तिथे एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर मागे फिरा. पावतीवर जीएसटी नंबर असेल तर `gst.gov.in` वर Search Taxpayer मध्ये टाका, कायदेशीर नाव समोर येतं. गोव्यातली नोंदणी ३० ने सुरू होते, महाराष्ट्रातली २७ ने. 'गोव्यातली रजिस्टर्ड फर्म' म्हणणाऱ्याचा नंबर दुसऱ्याच आकड्याने सुरू झाला, तर का ते विचारा.

सावधान: "आज भरलेस तर सीट, उद्या दुसरा देईल" या घाईला एकच उत्तर द्या: "डिमांड लेटर आणि पावतीचं नाव पाठवा, तासाभरात भरतो." रोख रक्कम देऊ नका, आणि 'फक्त २५,००० बुकिंग' हेही देऊ नका. ही रक्कम बुडाली तरी बोभाटा होणार नाही इतकी लहान, आणि ती वाचवण्यासाठी माणूस पुढचे पैसे भरेल इतकी मोठी, असं हिशेबाने ठरवलेली असते.

## टप्पा ५: 'गॅरंटी' कशाची, ते लिहून मागा

व्हिसा द्यायचा की नाही, हे त्या देशाचं सरकार ठरवतं. त्यामुळे व्हिसाची गॅरंटी एजंट देऊच शकत नाही. त्याच्या हातात फार तर इतकंच असतं: काम झालं नाही तर पैसे परत. म्हणून गॅरंटी शब्द आला की विचारा, "व्हिसा आला नाही, किंवा करारातल्या पगारापेक्षा कमी पगाराचा आला, तर किती दिवसांत किती रक्कम कुठल्या खात्यातून परत कराल, ते एजन्सीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह द्या."

बदल्यात अनेकदा स्टँप पेपर किंवा तारीख न टाकलेला चेक पुढे येतो. स्टँप पेपर पाहून लोकांना धीर येतो, पण त्यावर सही कोणाची हे पाहा. एजन्सीच्या ऐवजी ऑफिसातल्या कुठल्यातरी मुलाने स्वतःच्या नावाने सही केली असेल, तर एजन्सी उद्या हात वर करते. चेकही त्याच मुलाच्या बचत खात्याचा असतो.

आणखी एक. मालक, एजन्सी आणि तुम्ही, अशा तिघांच्या सह्या असलेला रोजगार करार निघाल्याशिवाय प्लेसमेंट झालं, असं मानू नका. इंटरव्ह्यू झाला, 'सिलेक्टेड' असा मेसेज आला, याला काही अर्थ नाही.

## बोटीवरची नोकरी असेल तर

क्रूझवर जाणाऱ्यांसाठी वरचा पहिला टप्पा बदलतो. इथे आरसी नाही, तर नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि त्याची यादी `dgshipping.gov.in` वर मिळते. पडताळायची रीत तीच: यादीतला पत्ता, यादीतला फोन, आणि त्या फोनवर खात्री.

पैशाचा नियम मात्र जास्त कडक आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार खलाशाकडून नोकरी लावून देण्याबद्दल एक रुपयाही घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही, आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचा खर्च तुमचा असू शकतो, पण व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. म्हणजे इथे ते ३५,४०० सुद्धा घेता येत नाहीत. 'प्लेसमेंट फी' हा शब्दच नियमबाह्य आहे. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक बोटीवर जातात, घरातला एखादा काका-मामा हमखास सापडतो. कंपनीची भरती कोणामार्फत होते, ते त्याला विचारलं तरी निम्मं काम होतं.

## शिक्षणासाठी जात असाल तर

विद्यार्थ्यांचे एजंट उत्प्रवासन कायद्याच्या आरसीखाली येत नाहीत. त्यामुळे पोर्टलवर नाव सापडलं नाही, यावरून काही सिद्ध होत नाही. इथे एजंट बाजूला ठेवून संस्था आणि तिचं पत्र तपासायचं. ब्रिटनसाठी `gov.uk` वर विद्यार्थी प्रायोजक संस्थांची नोंदवही आहे. कॅनडासाठी सरकारने मान्यता दिलेल्या संस्थांची डीएलआय यादी आहे, त्यातला नंबर O या अक्षराने सुरू होतो. संस्था यादीत असली, तरी प्रवेशपत्र बनावट असू शकतं. २०२३ मध्ये कॅनडात शिकायला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं बनावट निघून त्यांच्यावर देश सोडण्याची वेळ आली होती. म्हणून पत्राचा क्रमांक देऊन विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला स्वतःच्या ईमेलवरून विचारा.

सगळ्यात मोठी चूक इथे ईमेलची होते. एजंट विद्यार्थ्याच्या नावाने नवीन ईमेल उघडतो, पासवर्ड स्वतःकडे ठेवतो आणि विद्यापीठाचे नकार, फीच्या पावत्या, व्हिसा विभागाचे प्रश्न हे सगळं त्याच्यापर्यंतच पोहोचतं. अर्ज पहिल्या दिवसापासून स्वतःच्या ईमेलवर करा, विद्यापीठाची फी विद्यापीठाने पोर्टलवर दिलेल्या खात्यातच भरा, आणि व्हिसाचा भरलेला अर्ज पाठवण्याआधी संपूर्ण वाचा. त्यात एजंटने टाकलेल्या खोट्या कागदाची जबाबदारी तुमच्यावर येते.

## पैसे देऊन बसला असाल तर

वेळ घालवू नका, आणि एजंटला "पोलिसात जातो" असं आधी सांगूही नका.

१. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कराल, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवा.

२. व्हॉट्सॅपचं संपूर्ण संभाषण एक्सपोर्ट करून स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा. कार्ड, पावती, व्हिसाची प्रत, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, हे तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावा.

३. जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सायबर पोलिसांचं ठाणं रायबंदरला आहे. तक्रारीत 'फसवणूक झाली' एवढंच लिहू नका. नोंदणी नसताना परदेशी नोकरीसाठी भरती केली, पोर्टलवर अमुक तारखेला तपासलं, मूळ एजन्सीने नकार दिला, हे मुद्दे वेगवेगळे लिहा. त्यामुळे प्रकरण उधार-उसनवारीचं म्हणून बाजूला पडत नाही.

४. `emigrate.gov.in` वर तक्रार नोंदवा, किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या मोफत हेल्पलाइनवर फोन करा: १८००-११-३०९०. गोवा सरकारच्या अनिवासी भारतीय व्यवहार आयुक्तांच्या कार्यालयालाही प्रत द्या.

५. माणूस तिकडे पोहोचून अडकला असेल, तर घरच्यांनी `madad.gov.in` वर त्याच्या पासपोर्ट नंबरसह तक्रार टाकावी आणि त्याने तिथून सहायता केंद्राला फोन करावा. मालकाने पासपोर्ट काढून घेतला असेल, तर ते तक्रारीच्या पहिल्याच ओळीत लिहा, आणि पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत जोडा.